सुजलेल्या बोटांना ‘वयाचा वात’ म्हणण्याविरुद्ध

बोटांचे सांधे सुजले, सकाळी उठल्यावर मूठ वळेनाशी झाली, की घराघरांतून आणि कित्येक दवाखान्यांतूनही एकच निर्णय ऐकू येतो: हा वात आहे, वयाप्रमाणे सांधे झिजायचेच, गरम पाण्याने शेकावे, तेल चोळावे, फार दुखले तर गोळी घ्यावी आणि तरीही शंका राहिलीच तर रक्तातला आरए फॅक्टर तपासून घ्यावा. हे मत इतके रुळलेले आहे की त्याच्या पोटातली गृहीतके कोणी तपासत नाही. बोटांची सूज कोणतीही असो, ती एकाच जातीची; आखडणे म्हणजे झीज; आणि दोन आजारांत काही फरक असलाच तर तो तपासणाऱ्याच्या बोटांना नव्हे, प्रयोगशाळेलाच कळणार, असे हे मत धरून चालते. यातले एकही गृहीतक टिकणारे नाही. त्याची किंमत मात्र मोजतात त्या प्रामुख्याने तिशी ते पन्नाशीतल्या स्त्रिया, ज्यांच्या हातांत रूमॅटॉइड संधिवात सुरू झालेला असतो आणि ज्यांना ‘आता वय झाले’ असे सांगून परत पाठवले जाते.

दोन्ही आजारांत बोटे सुजतात हे खरे, परंतु कशाने सुजतात हे पाहिल्यावर त्यांना एका पंक्तीत बसवणे अशक्य होते. झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, विरत जाते आणि त्याच वेळी सांध्याच्या कडांवर नवे हाड उगवते. बाहेरून जी गाठ दिसते ती बहुतांशी या वाढलेल्या हाडाची असते. रूमॅटॉइड संधिवातात हाड वाढत नाही. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर, ज्याला सायनोव्हियम म्हणतात त्यावर, हल्ला चढवते. अस्तर जाड होते, त्यातून द्रव पाझरतो आणि तेच जाडावलेले अस्तर पुढे कूर्चा व हाड पोखरू लागते. एकीकडे सूज म्हणजे वाढलेले हाड आणि दुसरीकडे सूज म्हणजे पेटलेले अस्तर असताना ‘सांधे सुजले आहेत’ एवढ्या वर्णनावर थांबण्याला निदान कसे म्हणता येईल?

हा फरक हाताला लागतो, आणि तो लागण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. बोटाचा मधला सांधा तपासताना एका हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने त्याच्या दोन्ही बाजू धरायच्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने तो वरून आणि खालून धरायचा, मग एका जोडीने हलका दाब देऊन दुसऱ्या जोडीखाली काय होते ते जाणून घ्यायचे. रूमॅटॉइड सूज पिकलेल्या द्राक्षासारखी दबते आणि दाब दिला की दुसऱ्या बाजूला उचलली जाते. झिजेची गाठ दबत नाही, हलत नाही, कारण ती हाडच असते. मुळाच्या सांध्यांची, म्हणजे मूठ वळल्यावर हाताच्या पाठीवर जे उंचवटे दिसतात त्यांची, परीक्षा याहून सोपी आहे: निरोगी हाताची मूठ वळली की दोन उंचवट्यांमध्ये स्पष्ट खळगे दिसतात, आणि रूमॅटॉइड सूज आली की हे खळगे भरून जातात. तळहाताच्या त्या भागाला दोन्ही बाजूंनी, हस्तांदोलनात दाबावे तितपत जोराने, दाबल्यावर रुग्णाचा चेहरा आक्रसला तर ती दुसरी खूण. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि तरीही बोटांच्या तक्रारी घेऊन आलेल्या असंख्य रुग्णांच्या हाताला कोणी हातच लावत नाही. आधी रक्ताची चिठ्ठी लिहिली जाते.

सूज कशी आहे याइतकेच ती कुठे आहे यालाही महत्त्व आहे. प्रत्येक बोटाला, अंगठा सोडल्यास, तीन सांधे असतात: नखालगतचा, मधला आणि मुळाचा. झिजेच्या संधिवाताचे आवडते ठिकाण म्हणजे नखालगतचा सांधा, त्याखालोखाल मधला, आणि यांच्या जोडीला अंगठ्याच्या बुडाशी मनगटालगत असलेला सांधा, जो बिघडला की कुकरचे झाकण फिरवताना किंवा बरणी उघडताना कळ येते. नखालगतच्या सांध्यावरच्या कठीण गाठींचे वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने केले होते. त्याच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, या गाठींचा गाउटशी काही संबंध नाही, असे त्याने बजावले होते. त्या गाठींना आजही त्याचेच नाव आहे, आणि मधल्या सांध्यावरच्या तशाच गाठींना शार्ल बुशार या फ्रेंच वैद्याचे. दोनशे वर्षांपूर्वी एका वैद्याला नुसत्या निरीक्षणाने जे वेगळे काढता आले ते आज, इतकी साधने हाताशी असताना, पुन्हा एकाच गाठोड्यात का बांधले जावे?

रूमॅटॉइड संधिवात नेमका उलट वागतो. तो मुळाच्या सांध्यांत, विशेषतः तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी, मधल्या सांध्यांत आणि मनगटात बसतो, आणि नखालगतचे सांधे बहुधा सोडून देतो. मधला सांधा दोन्ही आजारांत सापडतो, म्हणून केवळ त्यावरून निर्णय करता येत नाही. परंतु नखालगतच्या सांध्यावर कठीण गाठी आणि मुळाचे सांधे मोकळे, हे चित्र जवळजवळ नेहमी झिजेचे असते, आणि मुळाचे सांधे व मनगटे मऊ सुजलेली पण बोटांची टोके स्वच्छ, हे चित्र रूमॅटॉइडचा संशय घेण्यास पुरेसे असते. दोन्ही हात सारखे दुखतात म्हणून तो रूमॅटॉइड, असा एक अर्धवट नियमही प्रचलित आहे, तोही टाकून द्यावा, कारण झिजेच्या गाठीही अनेकदा दोन्ही हातांच्या त्याच त्याच बोटांवर येतात. नखालगतचे सांधे मऊ व लालसर सुजले असतील तर मात्र तिसरीच शक्यता पाहावी लागते: नखांवर टोचल्यासारखे खड्डे किंवा कोपरा-गुडघ्यावर खपल्यांचे चट्टे असतील, तर तो सोरायसिसबरोबर येणारा संधिवात असू शकतो. झिजेचा एक आक्रमक प्रकारही अधूनमधून भडकतो आणि तेव्हा बोटांची टोके लाल, गरम होतात. तसेच हेबर्डनची गाठ अगदी नवी असताना कधी मऊ व दुखरी असते. म्हणजे नियमाला अपवाद आहेत, पण अपवाद आहेत म्हणून नियमच नाही असे म्हणणे हा आळस झाला.

आता आखडण्याकडे वळावे, कारण प्रचलित मताचा सर्वांत मोठा आधार तोच आहे. सकाळी बोटे आखडतात, म्हणून सांधे झिजले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात लांबलेले सकाळचे आखडणे हे झिजेपेक्षा अस्तराच्या दाहाचे लक्षण आहे. झिजेच्या संधिवातातही सकाळी बोटे ताठतात, पण ती दहा-पंधरा मिनिटांत, बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळी होतात, आणि दुपारी बराच वेळ स्वस्थ बसून उठल्यावर पुन्हा काही मिनिटे ताठतात. खरे दुखणे दिवसभराच्या कामानंतर, संध्याकाळी वाढते आणि विश्रांतीने ओसरते. रूमॅटॉइडमध्ये तास-दोन तास, कधी दुपारपर्यंत हात आपले वाटत नाहीत, आणि ते मोकळे होतात ते विश्रांतीने नव्हे, हालचालीने. यामागे कारण आहे. दाह चेतवणारी काही रसायने, त्यांत इंटरल्यूकिन-६ हे प्रमुख, रात्रीच्या उत्तरार्धात वाढत जाऊन पहाटेच्या सुमारास शिगेला पोहोचतात, आणि रात्रभर निश्चल राहिलेल्या सांध्याच्या अस्तरात द्रव साचलेला असतो. वयाने झिजलेला सांधा घड्याळ पाहून असा वागण्याचे कारण काय?

इथे प्रश्न कसा विचारला जातो यावर सारे अवलंबून असते. ‘सकाळी बोटे आखडतात का?’ या प्रश्नाला दोन्ही आजारांतले रुग्ण ‘हो’ म्हणतात, आणि मग ते ‘हो’ झिजेच्या खात्यात जमा होते. विचारायला हवे ते असे: उठता किती वाजता, आणि दिवसात हात सर्वांत मोकळे होतात ते किती वाजता? सहाला उठणारी बाई साडेसहाला चहाचे पातेले सांडशीने धरून उतरवते, की पातेले उतरवायला घरातल्या दुसऱ्या कोणाला हाक मारते आणि कणीक मळणे दहावर ढकलते? ब्लाउजचे हुक, शर्टाची बटणे, हातातली बांगडी, बोटातली अंगठी यांच्याकडून मिळणारी माहिती ‘आखडते’ या एका शब्दापेक्षा कितीतरी भरवशाची असते. हेही लक्षात घ्यावे लागते की रात्री दुखण्याची गोळी किंवा कोणा औषधवाल्याने दिलेली स्टेरॉइडची पुडी घेतलेली असेल, तर रूमॅटॉइडचेही आखडणे वीस मिनिटांवर येऊन ठेपते. म्हणून कालावधी हा एकट्याने निवाडा देणारा साक्षीदार नाही, तो सुजेची जात आणि जागा यांच्या जोडीनेच वाचला पाहिजे.

‘वय झाले’ या उत्तराचे तर दोन्ही आजारांच्या बाबतीत खंडन करावे लागते. रूमॅटॉइड संधिवात वयाची वाट पाहत नाही; तो विशीतही सुरू होतो. झिजेचा संधिवात वयाबरोबर वाढतो हे मान्य, पण बोटांच्या बाबतीत झीज हा शब्दही अपुरा आहे, कारण बोटांवर गुडघ्यासारखा शरीराचा भार पडत नाही, शिवाय हेबर्डनच्या गाठी आईकडून मुलीकडे चालत आलेल्या वारंवार दिसतात आणि स्त्रियांत त्या रजोनिवृत्तीच्या सुमारास उठतात. कामाने हात झिजले, आता काम करू नका, हा सल्ला म्हणूनच झिजेच्या रुग्णालाही चुकीचा ठरतो. त्याला हवा असतो अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा पट्टा, बोटांचे नियमित व्यायाम आणि गरजेपुरते वरून लावायचे वेदनाशामक जेल.

प्रयोगशाळेवरचा विश्वास हा या मताचा शेवटचा बुरूज, आणि तो सर्वांत पोकळ आहे. आरए फॅक्टर ही शरीराच्याच एका जातीच्या प्रतिपिंडांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मोजणारी चाचणी आहे. रूमॅटॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण तिघांत ती नकारार्थी येते, आणि क्षयरोग, हिपॅटायटिस-सी यांसारख्या संसर्गांत, तसेच धडधाकट माणसांत, विशेषतः वयस्कांत, ती होकारार्थी येऊ शकते. याचा अर्थ काय होतो हे महाराष्ट्रातल्याच आकड्यांवरून पाहता येते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखालील त्या पाहणीत रूमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण शेकडा सुमारे अर्धा, तर झिजेच्या संधिवाताचे शेकडा सहाच्या जवळपास आढळले. आता अशा गावातल्या १००० माणसांची सरसकट आरए फॅक्टर चाचणी केली असे धरले, तर रूमॅटॉइड असलेले जेमतेम ५ निघतील आणि त्यांतल्या तीन-चौघांची चाचणी होकारार्थी येईल. पण रूमॅटॉइड नसलेल्यांपैकी शेकडा ५ जणांत जरी ती होकारार्थी आली, तरी ते सुमारे ५० जण होतात. पन्नासांना नसलेल्या आजाराचा शिक्का आणि खऱ्या रुग्णांपैकी एका-दोघींना ‘तुम्हाला काही नाही’ असे प्रशस्तिपत्र देणारी चाचणी तपासणाऱ्याच्या हातांची जागा कशी घेईल? नखालगतच्या सांध्यांवर कठीण गाठी आलेल्या साठीच्या बाईचा आरए फॅक्टर किंचित वाढलेला दिसला, म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षे रूमॅटॉइडची औषधे लादली जातात ती याच गैरसमजातून. त्यांतल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा हातांच्या झिजेवर नुसत्या बनावट गोळीपेक्षा अधिक उपयोग होत नाही, हे चाचण्यांत दिसून आलेले आहे.

उलट बाजूची चूक अधिक घातक आहे, आणि ती एका नमुन्यावरून उलगडून पाहावी. समजा, ४२ वर्षांची एक शिक्षिका आठ आठवड्यांपासून दोन्ही हातांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी व दोन्ही मनगटांत दुखते म्हणून येते. सकाळी दीड तास फळ्यावर लिहिण्याजोगी पकड नसते. मूठ वळल्यावर खळगे दिसत नाहीत. आरए फॅक्टर नकारार्थी आहे आणि क्ष-किरणाचे चित्र स्वच्छ आहे. प्रचलित मताप्रमाणे तिला वात नाही, असला तर झिजेचा आहे. अमेरिका व युरोप येथील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये ठरवलेल्या गुणपद्धतीप्रमाणे पाहिले तर काय दिसते? ही पद्धत, दुसऱ्या आजाराने अधिक नीट उलगडा होत नसलेली मऊ सूज किमान एका सांध्यात आहे अशाच माणसाला लावायची असते आणि १० पैकी ६ गुण झाले की आजार रूमॅटॉइड मानला जातो. मुळात ती संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करायला बनवलेली आहे, पण विचाराची शिस्त म्हणून उपयोगी पडते. तिचे चार मुळाचे सांधे आणि दोन मनगटे, असे सहा लहान सांधे होतात. ४ ते १० लहान सांध्यांना ३ गुण. लक्षणे सहा आठवड्यांपेक्षा जुनी, म्हणून १. सीआरपी, म्हणजे दाहाचे रक्तातले मोजमाप, वाढलेले निघाले तर आणखी १. इथवर ५ झाले, एक गुण कमी. आता अँटी-सीसीपी ही दुसरी प्रतिपिंड चाचणी केली, जी रूमॅटॉइड नसलेल्या शंभरांतल्या सुमारे पंच्याण्णवांत नकारार्थी येते म्हणून अधिक विश्वासार्ह आहे, आणि ती नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघाली, तर ३ गुण मिळून बेरीज ८ होते. ती नकारार्थी निघाली तरी बाई सुटली असे नाही. सोनोग्राफीत आणखी सांध्यांचे अस्तर सुजलेले दिसू शकते, आणि एकूण सुजलेले सांधे दहाच्या वर गेले तर सांध्यांचेच ५ गुण होऊन बेरीज ७ वर जाते. या पद्धतीत नखालगतचे सांधे आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा मोजलेच जात नाहीत, कारण ते झिजेचे प्रांत आहेत हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. प्रयोगशाळेचा जप करणाऱ्यांनी हे पाहावे की दहापैकी निम्मे गुण या पद्धतीने हातांनी मोजलेल्या सांध्यांनाच दिलेले आहेत.

स्वच्छ क्ष-किरण चित्राचा दिलासाही असाच फसवा आहे. रूमॅटॉइडचे पहिले खड्डे हाडाच्या त्या कडेवर पडतात जिथे अस्तर असते पण कूर्चेचे आवरण नसते, आणि ते चित्रात दिसण्याइतके खोल व्हायला महिने लागतात. म्हणजे चित्र बिघडले तेव्हा हाड गेलेले असते. झिजेत उलट असते: सांध्यातली फट अरुंद झालेली, कडांना हाडाचे कंगोरे आलेले, ही चिन्हे रुग्ण पहिल्यांदा येतो तेव्हाच बहुधा चित्रात असतात. म्हणून सुजलेल्या, मऊ मुळाच्या सांध्यांसमोर स्वच्छ चित्र ठेवले तर त्यातून झीज सिद्ध होत नाही, उलट ती नसण्याची शक्यता वाढते.

पावसाळ्यानंतर चिकुनगुनियाचा ताप येऊन गेलेल्या रुग्णांचे सांधे रूमॅटॉइडसारखेच सुजतात, म्हणून थांबून पाहावे, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि एवढा एकच आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. २००६ च्या साथीत महाराष्ट्रानेही हे अनुभवले: ताप गेला, पण मनगटे व बोटे आठवडे-महिने आखडत राहिली. परंतु अशा रुग्णांत तापाचा इतिहास स्पष्ट असतो, अँटी-सीसीपी बहुधा नकारार्थी असते, आणि बहुसंख्यांची सूज काळाबरोबर उतरणीला लागते. तेवढ्या कारणासाठी प्रत्येकीला वर्षभर शेकत बसवणे समर्थनीय नाही, कारण रूमॅटॉइडमध्ये हाडांना खड्डे पडायला पहिली दोन वर्षे पुरतात, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर आजार पूर्ण शांत होण्याची शक्यता बरीच वाढते. तो उपचार म्हणजे तेल किंवा वेदनाशामक नव्हे, तर बहुधा मेथोट्रेक्सेट, जे आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचे असते, ज्याच्या जोडीला फॉलिक अॅसिड द्यावे लागते, रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात, आणि जे गरोदरपणात चालत नाही. तेच औषध गैरसमजाने रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून ते संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हवे.

मुळाचे सांधे मऊ सुजलेले आहेत, मुठीतले खळगे भरलेले आहेत आणि सकाळ तासाभराने मोकळी होते, अशा हातांना आरए फॅक्टर नकारार्थी आहे, चित्र स्वच्छ आहे आणि वय चाळिशीच्या पुढचे आहे या तिन्ही कारणांनी परत पाठवता येत नाही. सहा आठवडे उलटण्याच्या आत त्यांना संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचवणे हे पहिल्या तपासणाऱ्याचे काम आहे, मग तो गल्लीतला दवाखाना असो वा तालुक्याचे रुग्णालय.